परीक्षेच्या सकाळचे चार शब्द

परीक्षेच्या दिवशी सकाळी आई-वडील मुलाला जे चार शब्द बोलतात किंवा मोबाइलवर लिहून पाठवतात, त्यांचे काम फार मर्यादित असते. त्या शब्दांनी न येणारे गणित येऊ लागत नाही आणि राहून गेलेला धडाही पाठ होत नाही. जे येते ते उत्तरपत्रिकेत उतरवताना अडथळा येऊ नये, एवढेच त्यांना साधता येते. उलट दिशेने मात्र त्यांची ताकद बरीच मोठी आहे. प्रेमापोटीच पण चुकीचे बोलले गेलेले एखादे वाक्य मूल परीक्षेच्या खोलीत सोबत घेऊन जाते आणि नेमके अवघड प्रश्नाशी ते वर येते. म्हणून या शुभेच्छेत काय घालावे याच्या आधी त्यात काय नसावे, हे समजून घ्यावे लागते. त्यासाठी दहावीच्या परीक्षेचे उदाहरण सोयीचे आहे. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत पंधरा-सोळा लाख मुले ही परीक्षा देतात आणि तेवढ्याच घरांत त्या सकाळी कोणीतरी काहीतरी बोलत असते.

डोक्यात नेमके काय होते

परीक्षेची भीती ही एकच गोष्ट नव्हे. लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये तिचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक भाग शरीराचा: छातीत धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. दुसरा भाग विचारांचा: 'नाही आलं तर?', 'बाबा काय म्हणतील?', 'सगळ्यांना कळेल.' पुढच्या अनेक अभ्यासांतून असे दिसत आले की गुणांना धक्का लागतो तो मुख्यतः या दुसऱ्या भागामुळे. धडधडत्या छातीने पेपर लिहिता येतो. काळजीची वाक्ये मनात चालू असताना लिहिणे अवघड जाते.

याचे कारण कार्यस्मृतीत आहे. एखादे काम करताना त्या क्षणी लागणारी माहिती मनात धरून ठेवण्याची जी जागा असते, तिला कार्यस्मृती म्हणतात. ही जागा फार लहान असते आणि एका वेळी तिच्यात मोजक्याच गोष्टी मावतात. दहावीच्या गणित भाग १ मधले एक साधे वर्गसमीकरण घेतले की हे स्पष्ट होते.

2x² − 7x + 3 = 0

सूत्राने सोडवायचे तर मुलाला आधी a = 2, b = −7 आणि c = 3 हे लक्षात ठेवावे लागते. मग b² − 4ac काढायचे: 49 वजा 24, म्हणजे 25. त्याचे वर्गमूळ 5. आता −b घेताना उणे सातचे अधिक सात होतात, ही खूणगाठ सुटता कामा नये. शेवटी 7 मध्ये 5 मिळवून आणि 7 मधून 5 वजा करून दोन्ही वेळा 4 ने भागायचे. उत्तरे 3 आणि 1/2. यातली एकही पायरी अवघड नाही. पण वर्गमूळ काढत असताना चिन्ह मनात धरून ठेवावे लागते. त्याच क्षणी 'मागच्या वेळेसारखी चूक नको' हे वाक्य मनात आले की ते नेमकी चिन्हाची जागा घेते. मुलाला सूत्र येत असते, वर्गमूळही येत असते, तरी उत्तर येते −3. घरी आल्यावर तेच गणित ते दोन मिनिटांत बरोबर सोडवते आणि सगळे म्हणतात, 'येत होतं की तुला!' येत होतेच. धरून ठेवायला जागा उरली नव्हती.

दबाव कशाने तयार होतो

अमेरिकेतील संशोधक सायन बायलॉक आणि टॉमस कार यांनी २००५ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना गणिते आधी साध्या वातावरणात सोडवायला दिली आणि मग दबावाखाली. हा दबाव त्यांनी तीन गोष्टींनी निर्माण केला. कामगिरी सुधारली तर पैसे मिळतील, असे सांगितले. तुमच्या जोडीदाराने त्याचा वाटा आधीच पूर्ण केला आहे, आता त्याचे बक्षीस तुमच्यावर अवलंबून आहे, असे सांगितले. शिवाय चित्रीकरण होईल आणि ते इतर लोक पाहतील, असेही सांगितले.

यानंतर अवघड गणितांत ज्यांची घसरण झाली ते विद्यार्थी दुबळे नव्हते. ज्यांची कार्यस्मृती चांगली होती, तेच घसरले. एरवी त्यांना पुढे ठेवणारी जागाच काळजीने व्यापली आणि त्यांची आघाडी गेली. 'आमची मुलगी हुशार आहे, तिला काही फरक पडत नाही,' असे मानणाऱ्या घरांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेले हे तीन दबाव आपल्याकडे शुभेच्छेच्या रूपात सहज दिले जातात. 'नव्वदच्या वर पडले तर सायकल नक्की' हे झाले बक्षीस. 'आमच्या सगळ्या आशा तुझ्यावर आहेत' किंवा 'आईच्या कष्टांचं चीज कर' म्हणजे दुसऱ्याचे भले मुलाच्या कामगिरीवर टांगणे. आणि 'मामा, काका, आजी सगळे निकालाची वाट बघताहेत' म्हणजे पाहणारे लोक. बोलणाऱ्याच्या मनात यातले काहीही धमकी म्हणून नसते. पण मुलाच्या कानाला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: आज केवळ गणित सोडवायचे नाही, आणखी काहीतरी सिद्ध करायचे आहे. शुभेच्छा वाचून बघताना हीच कसोटी लावावी. तिच्यात बक्षीस, कोणाच्या आशा किंवा पाहणारे लोक यांपैकी काही आले असेल, तर ते वाक्य काढून टाकावे.

चांगली वाटणारी तीन वाक्ये

दबाव उघड नसलेली, ऐकायला अगदी मऊ वाटणारी काही वाक्येही काम बिघडवतात. त्यातले पहिले 'घाबरू नकोस'. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एका प्रयोगात लोकांना सांगितले की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि विचार आलाच तर घंटी वाजवा. घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. एखादा विचार टाळायचा तर तो आला का, हे मनाला सतत तपासावे लागते आणि त्या तपासण्यातच तो येतो. 'घाबरू नकोस' ऐकलेले मूल आपण घाबरलो आहोत का हे तपासू लागते. छाती धडधडत असतेच, म्हणून मग उत्तर 'हो' असे येते. आता भीतीत भर पडते ती घाबरल्याच्या अपराधाची.

दुसरे वाक्य 'सिली मिस्टेक करू नकोस'. यातही तेच घडते, शिवाय ते मुलाला करण्यासारखे काहीच देत नाही. चूक न करणे ही कृती नाही. 'प्रत्येक गणित झालं की चिन्हं एकदा बघ' ही कृती आहे. सांगायचेच असेल तर दुसऱ्या प्रकारे सांगावे, आणि तेही मुलाला ही सवय आधीपासून असेल तरच. परीक्षेच्या सकाळी नवी सवय लागत नाही.

तिसरे वाक्य 'तू हुशारच आहेस, तुला सगळं येतं'. याचा धोका पटकन लक्षात येत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेला अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे. काही मुलांचे त्यांच्या हुशारीबद्दल कौतुक केले गेले, तर काहींचे मेहनतीबद्दल. नंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि ती सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली, मेहनतीचे कौतुक झालेली पुढे गेली. पेपरात असेच होते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला एखादे गणित अडतेच. मनात 'मी हुशार आहे' हे घेऊन बसलेल्या मुलाला ते अडलेले गणित आपल्या हुशारीवरच शंका घेणारे वाटते. 'मी सराव केला आहे' हे घेऊन बसलेले मूल ते सोडून पुढच्या गणिताकडे जाते.

निरोपात काय असावे

मग उरते काय? फार थोडे, पण तेवढे पुरते. चांगल्या निरोपाला तीन भाग पुरेसे होतात.

पहिला भाग म्हणजे मुलाने केलेल्या कामातली एखादी खरी, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. 'तू खूप मेहनत घेतलीस' हे कोणालाही म्हणता येते, म्हणून त्याचे वजन पडत नाही. 'रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून तू उदाहरणसंग्रह सोडवलेस' हे फक्त त्या घरात म्हणता येते. इथे एक पथ्य पाळावे लागते: जे झाले नाही ते म्हणू नये. अभ्यास कमी झाला असेल तर मुलाला ते आधीच ठाऊक असते, आणि खोटे कौतुक त्याला लगेच ओळखू येते. अशा वेळी जेवढे खरे आहे तेवढेच बोलावे. 'सांख्यिकी आणि अर्थनियोजन तुझं पक्कं झालंय, तिथून सुरुवात कर' एवढेही चालते.

दुसरा भाग म्हणजे पेपर हातात आल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी एक छोटे काम. सर्वांत जास्त गोंधळ याच वेळी होतो. 'आधी पूर्ण पेपर वाच, मग येणाऱ्या गणितापासून लाग' किंवा 'बैठक क्रमांक लिहून झाला की एकदा सावकाश श्वास सोड' यांतले कोणतेही एकच. दोन-तीन सूचना एकत्र दिल्या की त्याच कार्यस्मृतीत गर्दी करतात.

तिसरा भाग म्हणजे पेपरानंतरची अशी एक गोष्ट, जी पेपर कसा गेला यावर अवलंबून नाही. 'आलीस की पिठलं-भाकरी खाऊ', 'संध्याकाळी आजीकडे जाऊ'. दुपारनंतरही घर जिथल्या तिथे असेल, हे मुलाला यातून न सांगता कळते. 'काहीही झालं तरी आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' या वाक्याचा हेतू तोच असतो, पण 'काहीही' या शब्दाने काय काय होऊ शकते याची यादी मुलाच्या मनात सुरू होते. पिठलं-भाकरीने ती होत नाही.

धडधडीबद्दल काही बोलायचे असेल तर 'घाबरू नकोस'ऐवजी तिचा अर्थ बदलून सांगता येतो. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आधी सांगितले की परीक्षेत छाती धडधडणे हे वाईट लक्षण नाही, त्याने कामगिरीला मदतही होऊ शकते. या विद्यार्थ्यांना गणिताच्या भागात इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले. आईने 'हात गार पडलेत ना? पडतात, अंग तयारीला लागलंय' असे सहज म्हटले की हेच घडते. धडधड तशीच राहते, पण तिच्याबद्दलची काळजी कमी होते.

एका सकाळचे उदाहरण

समजा, एका तालुक्याच्या गावात एका मुलीचा दहावीचा गणित भाग १ चा पेपर आहे. वडील एस.टी.त वाहक आहेत. आदल्या रात्री त्यांची ड्युटी मुक्कामी गाडीवर होती, त्यामुळे सकाळी ते घरी नाहीत. पहाटे गाडी सुटण्याआधी ते मोबाइलवर मुलीसाठी निरोप लिहायला घेतात. मनात येते तसे लिहिले तर तो असा होतो:

'मनू, आज गणित. तुझा आवडता विषय. चाळीसपैकी चाळीस पडलेच पाहिजेत. घाबरू नकोस. मागच्यासारख्या सिली मिस्टेक करू नकोस. डेपोत सगळे तुझी चौकशी करतात. आमच्या सगळ्या आशा तुझ्यावर आहेत. ऑल द बेस्ट!'

यात माया नाही असे कोणी म्हणणार नाही. पण वाक्यावाक्याने पाहिले तर 'चाळीसपैकी चाळीस' ही अट आहे, आणि ती पहिल्याच अडलेल्या गणिताशी मोडते. त्यानंतरचे उरलेले सगळे गुण मुलीला हरल्यासारखे वाटू लागतात. पुढची दोन वाक्ये तिच्या मनात भीती आणि चूक ठेवून जातात. डेपो म्हणजे पाहणारे लोक आणि शेवटी आशांचे ओझे. 'आवडता विषय' हे वाक्यही आजच्या दिवसापुरते बिनकामाचे आहे, कारण आवडता विषय अवघड गेला तर आणखी लागते. सात-आठ वाक्यांत तिला पेपरात करता येईल असे एकही काम नाही.

ही वाक्ये गाळल्यावर निरोप असा होऊ शकतो:

'मनू, दिवाळीपासून तू रोज जेवणाआधी गणितं सोडवत बसायचीस, घरी असलो की मी बघत होतो. पेपर हातात आला की आधी सगळा वाचून काढ, मग येतंय त्यापासून लाग. मी दुपारच्या गाडीने येतोय. रात्री सगळे मिळून जेवू. ऑल द बेस्ट. बाबा.'

वाचायला वीस सेकंदही लागत नाहीत. यात गुण नाहीत, भीती नाही, तिसरा माणूस नाही. 'ऑल द बेस्ट' तसेच ठेवले आहे, कारण ते सगळेच म्हणतात आणि त्याने कोणावर काही चढत नाही. ते गाळले तर उलट बाबा रागावले की काय, अशी शंका यायची. घरातल्या चालीरीतींचेही तसेच आहे. हातावर दहीसाखर ठेवणे, देवापुढे दिवा लावणे, आजी-आजोबांच्या पाया पडणे हे नेहमी होत असेल तर त्या दिवशीही व्हावे, कारण नेहमीचेपणाने मन स्थिर राहते. मात्र त्याच दिवशी नवा नवस बोलणे किंवा आईने मुलाला सांगून उपास धरणे टाळावे. आज काहीतरी फार मोठे होणार आहे, हेच त्यातून मुलाच्या मनावर ठसते.

वेळ आणि जागा

निरोप कधी द्यायचा, याला बरेच महत्त्व आहे. राज्य मंडळाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकरा वाजता सुरू होतो आणि विद्यार्थ्यांना त्याआधी अर्धा तास, म्हणजे साडेदहाला केंद्रावर हजर राहण्याची सूचना असते. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी मिळत असे. २०२३ पासून ती सवलत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली जाऊ लागली. गणित भाग १ चा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा असतो. म्हणून पेपर वाचण्याचा सल्ला देताना तो वेळ लेखनाच्या वेळेतलाच आहे, हे मुलाला माहीत आहे ना, याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी.

केंद्र अर्ध्या तासावर असेल तर साडेनऊ ते पावणेदहा ही निरोपाची योग्य वेळ. तोवर नाश्ता झालेला असतो, प्रवेशपत्र, दोन पेन आणि कंपास दप्तरात गेलेले असतात आणि निघायची घाई अजून सुरू झालेली नसते. मुलगा किंवा मुलगी उठल्या उठल्या निरोप दिला तर तीन तास त्यावर विचार करत बसायला वेळ मिळतो. केंद्राच्या फाटकाशी दिला तर मैत्रिणी 'तो प्रश्न केलास का?' विचारत असतात, पालकांची गर्दी असते आणि बोललेले कानावरून जाते. फाटकाशी पाठीवर हात ठेवून 'जा, नंतर भेटू' एवढेच पुरे.

लेखी निरोपाबाबत एक धोका आवर्जून सांगायला हवा. अनेक आया प्रेमाने कंपासपेटीत किंवा पॅडच्या मागे छोटी चिठ्ठी ठेवतात. शाळेच्या घटक चाचणीत त्याने काही बिघडत नाही, पण मंडळाच्या परीक्षेत खोलीत कोणतीही चिठ्ठी सापडणे हे गैरप्रकाराच्या चौकशीचे कारण ठरू शकते. चिठ्ठीत फक्त 'शुभेच्छा' लिहिलेले असले तरी ती वाचून होईपर्यंत पर्यवेक्षक, भरारी पथक आणि घाबरलेले मूल असा प्रसंग उभा राहतो. प्रवेशपत्राच्या मागच्या कोऱ्या भागावरही काहीही लिहू नये. चिठ्ठी द्यायचीच असेल तर नाश्त्याच्या ताटाशी ठेवावी आणि घरीच राहू द्यावी. मोबाइलही परीक्षा खोलीत नेता येत नाही, तेव्हा त्यावर पाठवलेला निरोप घरातून निघण्यापूर्वी वाचला गेला पाहिजे.

बाहेरून येणाऱ्या शुभेच्छांचे काय, हा प्रश्न हल्ली जास्त सतावतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून फुले, देवांचे फोटो आणि 'फोडून ये पेपर' अशा संदेशांचा पाऊस पडतो आणि मावशी-आत्यांचे फोन येतात. त्यांना तोडण्याची गरज नाही. पण फोन आईने किंवा वडिलांनी घ्यावा, 'सांगते तिला' म्हणावे आणि ग्रुपवर तिच्या वतीने आभार मानावेत. मुलाच्या कानापर्यंत त्या दिवशी एकच निरोप पोचावा.

निरोप बसला की नाही

शब्द बरोबर असूनही कधी कधी काम होत नाही. बहुतेक वेळा कारण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यात असते. 'काही टेन्शन नाही' म्हणणारी आई तिसऱ्यांदा प्रवेशपत्र तपासत असेल तर मूल प्रवेशपत्र तपासण्याकडे लक्ष देते. स्वतःला फार धास्ती वाटत असलेल्या पालकाने बोलण्याचे काम घरातल्या शांत माणसाकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही. आजोबांचे 'ये लिहून' बऱ्याचदा जास्त उपयोगी पडते.

मुलाच्या प्रतिसादावरूनही अंदाज येतो. 'हं', 'बरं' किंवा 'माहितीये गं' असे तुटक उत्तर आले तर ठीक चालले आहे असे समजावे. त्या सकाळी गप्पांची अपेक्षा ठेवू नये आणि 'ऐकलंस ना नीट?' असे विचारू नये. मूल उलट प्रश्न विचारू लागले, 'कमी पडले तर?' असे पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तर निरोपात कुठेतरी गुणांची गोष्ट शिरली आहे. तेव्हा समजावत बसू नये. 'ते आपण निकालाच्या दिवशी बघू, आज फक्त दोन तास लिहायचंय' एवढे म्हणून विषय संपवावा.

मूल फारच अस्वस्थ असेल आणि हाताशी थोडा वेळ असेल, तर एक उपाय करून पाहता येतो. जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की परीक्षेच्या आधी दहा मिनिटे आपल्या मनातली भीती कागदावर मोकळेपणी लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते, आणि सर्वांत जास्त फायदा जास्त घाबरणाऱ्यांना होतो. डोक्यात फिरणारी वाक्ये कागदावर उतरली की जागा मोकळी होते. हा कागद कोणी वाचू नये, तपासू नये आणि अर्थातच तो घरीच राहावा.

याच्याही पलीकडची काही चिन्हे असतात. मूल रात्रभर झोपलेले नाही, उलट्या होत आहेत, केंद्रावर जायलाच नकार देत आहे, किंवा 'जगून काय करू' असे काही बोलले आहे. तिथे शुभेच्छेचा निरोप पुरत नाही. शेवटच्या प्रकारात पेपर बाजूला ठेवून मुलाला एकटे न सोडणे हे पहिले काम. परीक्षेच्या काळात मंडळाकडून समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर केले जातात, आणि केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. बुडालेल्या पेपरासाठी पुरवणी परीक्षा असते.

सकाळचा निरोप खरा होता की नाही, हे दुपारी ठरते. 'रात्री सगळे मिळून जेवू' म्हणणाऱ्या घरात दारातच 'कसा गेला? किती सोडवलंस? तो प्रश्न आला होता का?' सुरू झाले, तर पुढच्या पेपराच्या सकाळी त्या निरोपावर मूल विश्वास ठेवत नाही. गणित भाग १ नंतर भाग २ असतो, मग विज्ञानाचे दोन पेपर असतात. म्हणून पेपरावरून आलेल्या मुलाला आधी पाणी द्यावे, मग जेवायला वाढावे, आणि पेपराविषयी त्याने स्वतःहून बोलेपर्यंत थांबावे.